ऋण तीन आणि वजा तीन: सहावीच्या वर्गातल्या नोंदी

२ डिसेंबर, सोमवार

सत्र परीक्षेचे गणिताचे पेपर आज पुन्हा काढून बसले. गुण देऊन झाले होते, पण पूर्णांक संख्यांच्या दोन प्रश्नांनी दिवाळीच्या सुट्टीतही पाठ सोडली नव्हती. वर्गात ३८ मुलं. −८, ३, −२, ०, ५ या संख्या चढत्या क्रमाने लिहा, या प्रश्नाला २१ जणांनी −२, −८, ०, ३, ५ असं उत्तर लिहिलं आहे. म्हणजे ऋण संख्या शून्याच्या आधी येतात एवढं त्यांना माहीत आहे, पण त्यांच्या आपसातल्या क्रमासाठी चिन्हाकडे न बघता नुसते अंक लावले आहेत.

दुसरा प्रश्न ५ − (−३). बहुतेकांचं उत्तर २. ज्यांचं बरोबर आलं त्यांच्यापैकी एका मुलाने पुढच्याच उदाहरणात −४ − ३ = ७ लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "बाई, दोन वजा आले की अधिक होतं ना." हे वाक्य मीच वर्गात सांगितलं होतं. त्याने ते प्रामाणिकपणे, दोन वजा दिसले तिथे वापरलं. चूक त्याची नाही. नियम आधी सांगितला आणि तो कशाबद्दल आहे ते नंतरही सांगितलं नाही, ही चूक माझी.

हा भाग पहिल्यापासून पुन्हा घ्यायचा ठरवलं आहे. तीन साधनं वापरायची: लिफ्ट, तापमापी आणि बँकेचं पासबुक. पुस्तकात या तिन्ही गोष्टी उदाहरण म्हणून येतात, पण एकाच तासात तिन्ही दाखवल्या की मुलांना त्यांतलं काहीच धड हाती लागत नाही, हे मागच्या वर्षी पाहिलं. म्हणून प्रत्येकीकडून एकेकच काम करून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट आजच ठरवली. मी स्वतः "उणे पाच", "वजा पाच", "मायनस पाच" हे सगळं एकाच श्वासात बोलते. आता यापुढे वर्गात क्रियेला "वजा" म्हणायचं आणि संख्येला "ऋण". ५ − (−३) म्हणजे "पाच वजा ऋण तीन". −४ − ३ म्हणजे "ऋण चार वजा तीन". असं वाचलं की दुसऱ्या उदाहरणात "वजा" एकदाच ऐकू येतो, आणि त्या मुलाच्या नियमाला पाय ठेवायला जागाच उरत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

लिफ्टची तयारी. साताऱ्यात लिफ्ट पुष्कळ आहेत, पण जमिनीखाली दोन मजले असलेली इमारत शोधावी लागली. बसस्थानकाच्या बाजूला एका व्यापारी संकुलात मिळाली. बटणं अशी: B2, B1, G, 1, 2, 3, 4, 5. खाली दोन मजले पार्किंग. व्यवस्थापकांची परवानगी घेतली. सकाळी दुकानं उघडायच्या आत, सहा-सात मुलांचा एकेक गट.

आपल्याकडे तळमजला वेगळा आणि त्याच्या वरचा तो पहिला, ही पद्धत इथे फार उपयोगाची आहे. G च्या जागी ० लिहिलं की सगळं आपोआप जुळतं. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच बहुधा पहिला मजला म्हणतात. तिथल्या शिक्षकाला तिथल्या लिफ्टमध्ये शून्य सापडणार नाही.

वर्गासाठी पुठ्ठ्याची उभी पट्टी केली, −४ ते ६, आणि दोऱ्यावर सरकणारी काडेपेटी ही लिफ्ट. शिवाय दोन रंगांच्या चिठ्ठ्या कापल्या. पांढऱ्या चिठ्ठीवर मजला. पिवळ्या चिठ्ठीवर फेरी, म्हणजे किती मजले आणि कोणत्या दिशेला. वर जाणारी फेरी धन, खाली जाणारी ऋण. मागच्या वर्षी हे दोन वेगळे ठेवले नव्हते आणि एका मुलीने विचारलं होतं, "तिसरा मजला अधिक चौथा मजला म्हणजे काय?" तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. खरं उत्तर असं की त्याला काही अर्थच नाही. मजल्यात फेरी मिळवता येते, मजल्यात मजला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आज लिफ्टमध्ये गेलो. प्रत्येक गटाला एकच प्रश्न: B2 वरून 3 वर जायला लिफ्ट किती मजले चढते?

तीन उत्तरं आली: ४, ५ आणि ६. सहा म्हणणाऱ्यांनी B2, B1, G, 1, 2, 3 अशी बटणं मोजली होती, निघालो तो मजलासुद्धा धरून. चार म्हणणाऱ्यांचं म्हणणं होतं की तळमजला हा मजलाच नाही, म्हणून तो गाळायचा. भांडण सोडवलं ते लिफ्टमधल्या दाराच्या वरच्या आकड्यांनी. एका मुलाने सुचवलं, आकडा बदलला की टाळी वाजवायची. B2 वर टाळी नाही, कारण अजून काही बदललेलं नाही. मग B1, G, 1, 2, 3. पाच टाळ्या. सहावाले लगेच गप्प झाले. चारवाल्यांना G वर टाळी वाजवावी लागली, तेव्हा पटलं.

वर्गात आल्यावर चिठ्ठ्या मांडल्या. पांढरी −२, पिवळी ५, पोचलो पांढऱ्या ३ वर: −२ + ५ = ३. पिवळ्या चिठ्ठीवर ऋण ४ असेल आणि आपण १ वर असलो तर १ + (−४) = −३. ही बेरीज मुलांना अजिबात जड गेली नाही.

मग उलट विचारलं. दोन्ही मजले माहीत आहेत, फेरी कोणती? −२ वरून ३ वर यायचं आहे. उत्तर टाळ्यांनी आधीच दिलेलं होतं: वर ५. आता हे लिहायचं कसं? ४ वरून ६ वर जाण्याची फेरी ६ − ४ अशी लिहितो, म्हणजे पोचलो तो मजला वजा निघालो तो मजला. तसंच इथे लिहिलं: ३ − (−२) = ५. फळ्यावर हे लिहून मी काहीच बोलले नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, उत्तर तर मोठं झालं!" वजाबाकी केली की कमीच होतं, ही पहिलीपासूनची समजूत इथे पहिल्यांदा हलली, आणि तीही पाच टाळ्यांच्या पुराव्यावर.

फेरी उलटी केली. ३ वरून −२ वर. −२ − ३ = −५. खाली ५. −४ − ३ = ७ लिहिणाऱ्या मुलाला हाच प्रकार काडेपेटीवर करायला दिला. ३ वरून निघून −४ पर्यंत त्याने दोरा ओढला आणि स्वतःच म्हणाला, "सात, पण खाली." ऋण सात.

तास संपता संपता एका मुलीने सांगितलं की पुण्यात तिने पाहिलेल्या एका मॉलच्या लिफ्टमध्ये LG आणि UG, म्हणजे खालचा तळमजला आणि वरचा तळमजला, अशी दोन बटणं होती. इमारत उतारावर असली की दोन बाजूंना दोन वेगवेगळे मजले जमिनीला लागतात, म्हणून असं असतं. मग शून्य कोणता? मुलांनी दोन्ही करून पाहिलं. LG ला ० म्हटलं तर दुसरा मजला ३ होतो, UG ला म्हटलं तर २ होतो, आणि LG होतो −१. मजल्यांचे आकडे बदलले, पण LG पासून त्या मजल्यापर्यंतची फेरी दोन्ही वेळा ३ च आली. ही गोष्ट मी योजलेली नव्हती. पुढे तापमापीला ती फार कामाची ठरेल.

९ डिसेंबर, सोमवार

तापमापी आणायला सांगितली होती, तर सहा जणांनी घरून तापाची आणली. एकीवर ३५ ते ४२ अंश सेल्सिअस. शून्य नाहीच. माणसाच्या अंगाला शून्याची गरज पडत नाही, म्हणून ते छापलेलं नाही. प्रयोगशाळेतली घेतली: −१० ते ११०, लाल अल्कोहोलची.

आधी शून्य दाखवायचं होतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या बर्फ शून्याच्याही खाली असतो, त्यामुळे नुसता बर्फ पुरत नाही. तो फडक्यात गुंडाळून कुटला, स्टीलच्या भांड्यात थोडं पाणी घालून पाच मिनिटं ढवळला. लाल रेघ ० वर येऊन थांबली आणि बर्फ वितळत होता तोवर तिथून हलली नाही.

मग पाणी ओतून टाकलं. तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडेमीठ. जत्रेत हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट असतो, त्याच्या बाहेरच्या बादलीत हेच भरतात. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता तो स्वतःच्याच मिश्रणातून ओढून घेतो, म्हणून सगळंच आणखी थंड होतं. प्रमाण नेमकं जमलं तर हे सुमारे −२१ पर्यंत जाऊ शकतं. आमची रेघ −१० च्याही खाली घसरली आणि मोजपट्टीच संपली. भांड्याच्या बाहेर पांढरं हिव धरलं. बोटं लावून ठेवू देत नव्हते. त्वचेला इजा होऊ शकते.

रेघ खाली जाताना दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यायचं होतं. इथे एक चूक पाच-सहा मुलांनी केली आणि तिचं मूळ सापडायला मला वेळ लागला. रेघ −७ वर असताना ती "−१३" लिहीत होती. −१० चा ठळक आकडा बघून तिथून वर तीन रेघा मोजायच्या आणि दहात तीन मिळवायचे. शून्याच्या वर हीच पद्धत बरोबर येते: १० च्या वर तीन रेघा म्हणजे १३. खाली ती उलटते, कारण वर सरकताना −१० नंतर −९ येतो. ओळखायची खूण सोपी: उत्तर −१० च्या पलीकडचं आहे, आणि रेघ मात्र −१० आणि ० यांच्या मध्ये. असं दिसलं की मोजणी उलट्या दिशेने झाली आहे. उपाय म्हणून शून्याच्या खाली वाचताना शून्यापासूनच खाली मोजत यायचं ठरलं.

आता ज्या प्रश्नासाठी तापमापी घेतली होती तो. −८ मोठा की −२? एक मुलगा ठाम होता: "−८ मध्ये थंडी जास्त, म्हणून −८ मोठा." बाकीची मुलं हसली. मी त्यांना थांबवलं, कारण त्याचं म्हणणं अर्थहीन नव्हतं. तो थंडी मोजत होता. आणि खरंच, अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० धरले होते. त्या पट्टीवर जास्त थंड ते मोठं! पुढे काही वर्षांतच ती उलटी केली गेली. लिफ्टच्या LG आणि UG सारखंच हे: शून्य कुठे आणि वर कोणती दिशा, हे माणसं ठरवतात. एकदा ठरलं की मात्र सगळ्यांनी तेच पाळायचं. आपण उष्णता वाढते तिकडे आकडा वाढवायचा ठरवलं आहे. म्हणून −२ हा −८ पेक्षा मोठा. त्या मुलाला मीठ घातलेलं भांडं बाकावर ठेवून रेघ चढताना बघायला सांगितलं. पुढच्या तासाला तो कागद घेऊन आला: −८, −६, −५, −३, −२. "बाई, गरम होत चाललं तसे हेच आकडे आले." चढता क्रम त्याच्या हातात होता.

त्यानंतर आजोबांनी जपून ठेवलेलं वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण एका मुलीने दाखवलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवाचे हिमकण झाले, आणि त्याच बातमीत किमान तापमान शून्याच्या वरचं. हे जुळतं कसं? वेधशाळेची तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच पेटीत असते. निरभ्र, शांत रात्री गवताची पाती आणि जमीन त्याहून कितीतरी जास्त गार होते. गवतावर −१ असेल आणि पेटीत ४, तर फरक ४ − (−१) = ५ अंश. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले, पण वजाबाकी गुरुवारच्या लिफ्टचीच आहे हे मुलांनीच सांगितलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

पासबुक. लिफ्ट आणि तापमापीने "फरक" या अर्थाची वजाबाकी दिली. पण वजाबाकीचा मुलांच्या मनातला पहिला अर्थ "काढून घेणे" हा आहे, आणि ऋण तीन काढून घेणे हे लिफ्टमध्ये दाखवता येत नाही. ते काम पैशांचं.

आधी एक अडचण. मुलांच्या घरी असलेली पासबुकं बचत खात्यांची, आणि बचत खात्यात शिल्लक सहसा शून्याच्या खाली जात नाही. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून लावलेल्या दंडामुळे तरी खातं उणे होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा आदेशच आहे. "शिल्लक ऋण ५००" असं बचत खात्यात दाखवणं म्हणजे खोटं उदाहरण. म्हणून वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना विचारलं. त्यांचं किराणा दुकान आहे आणि बँकेत कॅश क्रेडिट खातं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत शिल्लक नसतानाही पैसे काढता येतात. त्यांनी खरे आकडे झाकून खात्याचा उतारा दाखवला. मुलांना नवल वाटलं ते याचं, की तिथे ऋण चिन्ह कुठेच नव्हतं. शिल्लक रकमेपुढे कुठे Cr, कुठे Dr. Cr म्हणजे जमा. Dr म्हणजे नावे, इतकं देणं आहे. ऋण चिन्हाचं काम ही दोन अक्षरं करतात.

मग आम्ही आमचं खातं तयार केलं. सुरुवातीला शिल्लक ३००. मालासाठी ८०० काढले: शिल्लक ५०० Dr, म्हणजे −५००. गल्ल्यातले ७०० भरले: −५०० + ७०० = २००. नंतर बँकेने एक शुल्क चुकून लावलं, १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, मिळून ११८. शिल्लक ८२. दुकानदार बँकेत जाऊन तक्रार करतो, चूक मान्य होते आणि ते शुल्क काढून टाकलं जातं. आता शिल्लक किती?

सगळी एकदम म्हणाली, दोनशे. लिहा मग. काय काढून टाकलं? ११८ चं देणं, म्हणजे ऋण ११८. ८२ − (−११८) = २००. इथे "दोन वजा म्हणजे अधिक" हे वाक्य कुणाच्या तोंडी आलं नाही.

दुकानदार वडील वर्गात होते, त्यांनी एक मोलाची गोष्ट दाखवली. बँक आधीची ओळ खोडत नाही. ती तशीच राहते आणि खाली नवी ओळ येते: जमा ११८. म्हणजे आपण ज्याला "ऋण ११८ काढून घेतले" म्हणतो, त्याला बँक "११८ जमा केले" म्हणते, आणि शिल्लक दोन्हीकडे २००. वजा ऋण आणि अधिक धन एकच, हे मी फळ्यावर सांगण्याआधी खातेवहीने सांगितलं.

तरी एक प्रश्न राहिला, आणि तो विचारणारी मुलगी बरोबर होती. "बाई, ५ − (−३) मध्ये खात्यात नुसते पाच जमा आहेत. देणं नाहीच. मग नसलेलं देणं काढणार कसं?" यासाठी चिठ्ठ्या वापरल्या. हिरवी चिठ्ठी एक रुपया जमा, लाल चिठ्ठी एक रुपया देणं. टेबलावर पाच हिरव्या. आता मामाकडून ३ रुपये उसने आणले: तीन हिरव्या आल्या आणि तीन लाल. माझी खरी ऐपत बदलली का? नाही, अजून पाचच. आता टेबलावर आठ हिरव्या आणि तीन लाल. मामा म्हणाला, "राहू दे, परत करू नकोस." तीन लाल उचलल्या. उरल्या आठ. प्रत्येकाला हे हाताने करायला लावलं, आणि त्यातच आजचा तास संपला. काही हरकत नाही.

जाता जाता शब्दांबद्दल बोललो. ऋण म्हणजे कर्ज, हे मुलांना ठाऊक होतं. गणितातला ऋण तोच शब्द आहे हे बहुतेकांच्या लक्षात आलेलं नव्हतं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये नियम लिहिले ते धन आणि ऋण याच शब्दांत, आणि त्यांत शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं हेही आहे. ० − (−३) = ३. चिठ्ठ्यांवर करून पाहिलं: मामाचे तीन रुपये, मग मामाने माफ केलेलं देणं. आपल्या बोलण्यातही हे "उणे" लपलेलं आहे: एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. मुलांनी घरी जाऊन असे आणखी शब्द शोधायचे आहेत.

१७ डिसेंबर, मंगळवार

छोटी चाचणी घेतली, आठ प्रश्न. परीक्षेतलाच चढत्या क्रमाचा प्रश्न आकडे बदलून दिला. ३८ पैकी ३३ बरोबर. चुकलेल्या पाचांना उद्या पुन्हा तापमापी वाचायला देणार, वेगळं काही नाही.

वजाबाकीत मात्र एक नवी गोष्ट दिसली. उत्तराशेजारी चित्र काढायची मुभा होती. ६ − (−२) ला बहुतेकांनी लाल-हिरव्या चिठ्ठ्या काढल्या, पण −४ − ३ ला लिफ्ट. −४ वर उभं राहून तीन मजले खाली. मी "फरक" म्हणून शिकवलेलं त्यांनी "फेरी" करून घेतलं, आणि ते जास्त सोयीचं आहे. चिठ्ठ्यांत हेच करायचं तर आधी तीन हिरव्या आणि तीन लाल आणाव्या लागल्या असत्या. कोणतं साधन कुठे सोपं, हे ती स्वतः निवडत आहेत. परीक्षेतल्या "७" वाल्या मुलाने −४ − ३ = −७ लिहिलं आहे आणि शेजारी खाली जाणारा बाण.

सातवीत गुणाकार येईल, तेव्हा ही तिन्ही साधनं अपुरी पडतील. मजल्याला मजल्याने गुणता येत नाही. त्यावर तेव्हा बघू.

सध्या माझ्यापुढे दुसराच प्रश्न आहे. तापमापीच्या नोंदवहीत एका मुलीने रेघ −३ आणि −४ च्या बरोबर मध्ये असताना "−४½" लिहिलं आहे. साडेतीन म्हणायचं म्हणून तिने रेघेजवळचा खालचा आकडा घेतला आणि त्याच्या पुढे अर्धा जोडला. मोजणी −३ पासून खाली अर्धा, म्हणून −३½. उद्या तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर −३ आणि −४ च्या मध्ये एक रेघ आखून ठेवणार आहे, आणि काडेपेटी तिथे थांबवून विचारणार आहे की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर आपण शून्यापासून किती खाली आहोत.